प, फ, भ म्हटलं की माईकमध्ये 'धप्प' का येतं?

मी अहिराणी गोष्टी रेकॉर्ड करतो, गावात सूत्रसंचालनही करतो. माईक किती लांब धरू?

तोंडासमोर तळहात धरून 'फैजपूर, भुसावळ, पाचोरा' म्हणा. हाताला जो झोत लागतो, तोच माईकच्या पडद्यावर आदळून धप्प होतो. झोत सरळ पुढे जातो, आवाज मात्र सगळीकडे पसरतो. म्हणून नुसतं अंतर वाढवण्याआधी माईक झोताच्या वाटेतून बाजूला काढा.

घरी रेकॉर्ड करताना माईक तोंडापासून साधारण एक वीत, गालाच्या रेषेत ठेवा आणि त्याचं तोंड तुमच्या ओठांकडे वळवा. तीच तीन गावं पुन्हा म्हणून हेडफोनवर ऐका. धप्प उरलंच, तर माईकपुढे चार बोटांवर झोत अडवणारा पॉप फिल्टर लावा. आवाजाची पातळी गोष्टीतल्या सर्वांत मोठ्या हाकेवर ठरवा. काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही, किंचित हळू असलेला वाढवता येतो.

स्टेजवर वीतभर अंतर चालणार नाही. साउंडवाल्याला आवाज वाढवावा लागेल आणि स्पीकर शिट्टी मारेल. तिथे दोन-तीन बोटांवर, हनुवटीपाशी धरा, टोक ओठांकडे तिरकं. झोत वरून निघून जाईल. मोठ्याने बोलताना हात थोडा मागे घ्या. जाळी मुठीत धरू नका, त्यानेही शिट्टी येते. जवळून आवाज घुमत असेल तर मिक्सरवरचं लो कट, म्हणजे खालचे सूर कापणारं बटण, सुरू करायला सांगा.