रजेचा अर्ज नीट मांडताना

भाऊ, तुझ्या कागदावर फक्त ‘सर, बहिणीचं लग्न आहे, तीन दिवस येणार नाही’ एवढंच आहे. ही रजेची मागणी नाही, नुसता निरोप झाला.

उजवीकडे दिनांक घाल. स्पेस दाबत सरकवू नको, उजवं अलाइनमेंट दे. नाहीतर फॉन्ट बदलला की तारीख भलतीकडे जाते. मग डावीकडे:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जि. प. शाळा, (गाव), ता. दारव्हा, जि. यवतमाळ

विषय : दि. १५ ते १७ डिसेंबर २०२५ किरकोळ रजा मिळणेबाबत.

बाबू लोक आधी विषयच वाचतात, म्हणून तारखा तिथंच हव्यात.

महोदय,
बहिणीच्या विवाहानिमित्त वरील तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
नाव, पदनाम

सहीला जागा सोड.