तिने इन्स्टाग्रामवर अनफॉलो केलं, म्हणजे विषय संपला का?

प्रश्न: क्लासमधली एक मुलगी मला आवडते. मागच्या आठवड्यात तिने मला इन्स्टावर अचानक अनफॉलो केलं. माझ्या स्टोरीपण बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र नीट बोलते. तिचा इंटरेस्ट गेला असं समजायचं का?

उत्तर: एवढ्यावरून तरी तसं म्हणता येणार नाही. आधी एक हिशेब दुरुस्त करू. अनफॉलो केलं आणि स्टोरी बघत नाही, असे दोन पुरावे तुम्ही धरलेत. प्रत्यक्षात पुरावा एकच आहे. अनफॉलो केल्यावर तुमच्या स्टोरी तिच्या वरच्या रांगेत येणंच बंद होतं. त्या बघायच्या तर तिला मुद्दाम तुमच्या प्रोफाइलवर यावं लागेल. म्हणजे दुसरी गोष्ट पहिलीतून आपोआप घडली, तिने वेगळं काही केलेलं नाही.

आता नक्की काय झालंय ते बघा. तुमच्या फॉलोअर्सच्या यादीत तिचं नाव शोधा. नसेल तर तिचं प्रोफाइल उघडून बटण वाचा. `Following` दिसत असेल तर तुम्ही अजून तिला फॉलो करताय, फक्त तिने तुम्हाला अनफॉलो केलंय. `Follow` दिसत असेल तर तुमच्या बाजूचं फॉलोही गेलंय. तुमच्याच हातून चुकून बटण दाबलं गेलं नसेल, तर तिने तुम्हाला तिच्या फॉलोअर्समधून काढलं, किंवा ब्लॉक करून पुन्हा अनब्लॉक केलं. ब्लॉक केलं की दोन्हीकडचं फॉलो तुटतं आणि अनब्लॉक केल्यावर ते परत जुळत नाही. प्रोफाइल सापडतच नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी शोधायला सांगा. त्यालाही सापडलं नाही तर तिने अकाउंट बंद ठेवलं असण्याची शक्यता जास्त. परीक्षा जवळ आली की कितीतरी मुलं-मुली तेच करतात. तात्पुरतं बंद केलेलं अकाउंट दोन्ही याद्यांतून गायब होतं आणि लॉगिन केलं की होतं तसं परत येतं.

एवढी चौकशी करायची कारण या दोन कृतींची दिशा वेगळी आहे. अनफॉलोचा अर्थ इतकाच की तुमच्या पोस्ट तिला तिच्या फीडमध्ये नको आहेत. फॉलोअर्समधून काढण्याचा अर्थ असा की तिचं तुम्हाला दिसू नये. खासगी अकाउंट असेल तर हे दुसरं पाऊल विचार करूनच उचललेलं असतं, त्यामुळे त्याचं वजन जास्त धरा. तेही दर वेळी तुमच्याविरुद्ध असतं असं नाही. घरातला मोठा भाऊ किंवा मावसबहीण फॉलोअर्सची यादी चाळते आणि "हा कोण?" विचारते, हे आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी क्लासमधल्या सगळ्याच मुलांची नावं एकदम उडतात.

नुसत्या अनफॉलोमागची कारणं मात्र बऱ्याचदा अगदी रटाळ असतात. इन्स्टाग्राम फॉलोइंगच्या यादीत `Least interacted with` असा एक गट दाखवतं. ज्यांच्या पोस्टला गेल्या 90 दिवसांत फारसं लाइक केलं नाही, ज्यांच्या स्टोरीला प्रतिसाद दिला नाही, अशांची नावं त्यात येतात. आता ती तुमच्या स्टोरी रोज बघत असेल, पण हार्ट दाबत नसेल किंवा उत्तर देत नसेल, तर तुम्ही त्या गटात जाऊ शकता. आणि तुमच्या सगळ्या गप्पा व्हॉट्सअ‍ॅपवर होत असतील तर इन्स्टाला त्याची खबरच नाही. एखाद्या रविवारी ती यादी उघडून वरून खाली सफाई केली की तुमचंही नाव गेलं. हे ओळखता येतं. तिचा फॉलोइंगचा आकडा आधी साधारण किती होता ते आठवत असेल तर आता बघा. 900 चे 450 झाले असतील तर ती सफाई आहे. आकडा जवळपास तेवढाच असेल तर तुम्हाला निवडून काढलंय असं धरून चला.

म्यूटचं प्रकरण वेगळं आहे. ते समोरच्याला कळूच नये म्हणूनच केलेलं आहे. सूचना येत नाही, यादी बदलत नाही, मेसेज पूर्वीसारखे पोचतात. पोस्ट आणि स्टोरी वेगवेगळ्या म्यूट करता येतात. फॉलोअर्समध्ये नाव आहे पण स्टोरी बघणाऱ्यांत आठ-दहा दिवस नाही, यावरून म्यूट सिद्ध होत नाही. इन्स्टा स्टोरींचा क्रम आपल्या हिशेबाने लावतं आणि विसाव्या नंबरवर गेलेली स्टोरी कुणी उघडत नाही. खरोखर म्यूट केलं असेल तर पहिली शंका स्वतःच्या पोस्टवर घ्या. दिवसाला पंधरा स्टोरी, त्यातल्या दहा क्रिकेटच्या, असं असेल तर आवडत्या माणसालाही लोक म्यूट करतात. ज्याला दुखवायचं नसतं त्यालाच म्यूट करतात, नाहीतर सरळ अनफॉलो आहेच. आणि उलटंही घडतं. स्टोरी बघितली की नाव यादीत दिसतं. सारखं बघतोय हे कळू नये, स्वतःलाही ती सवय लागू नये, म्हणून मनात काहीतरी असलेलं माणूसच म्यूट करून ठेवतं.

तुमच्या प्रश्नात खरी माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. पुढचे दोन-तीन आठवडे तिकडे लक्ष द्या. बोलणं कोण सुरू करतं? ती उलट प्रश्न विचारते का? आधी सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवून "पेपर कसा गेला?" असं स्वतःहून विचारते का? हे पूर्वीसारखं चालू असेल तर अनफॉलो सोडून द्या. पण उत्तरं "हो", "ठीक", "बघते" यावर आली असतील, क्लासमध्येही ती टाळत असेल आणि फॉलोअर्समधूनही काढलं असेल, तर तिन्ही मिळून नकारच आहे.

कळत नसेल तर विचारा, पण "अनफॉलो का केलंस?" हे नको. त्यावर खरं उत्तर मिळत नाही, माणूस सावरून घेतं. त्यापेक्षा "शनिवारी क्लासनंतर चहाला येशील का?" विचारा. "शनिवारी नाही जमणार, सोमवारी चालेल?" आणि "नाही जमणार" यांतला फरक तुम्हाला लगेच कळेल. दुसऱ्या उत्तरानंतर पुन्हा विचारू नका.

"कोणी अनफॉलो केलं" सांगणारी बाहेरची अ‍ॅप टाकू नका. त्यातली बरीच तुमचा पासवर्ड मागतात आणि त्यातून अकाउंट अडकतं किंवा हातातून जातं. म्यूट तर त्यांनाही कळत नाही. फॉलोअर्सची यादी तपासायचीच असेल तर इन्स्टाच्या सेटिंगमध्ये Accounts Center मधून स्वतःची माहिती डाउनलोड करता येते. त्यात फॉलोअर्सची यादी तारखांसह मिळते.

रागाने तुम्हीही तिला अनफॉलो करून दोन दिवसांनी परत फॉलो कराल, तर तिला सूचना जाते आणि सगळं तिच्या लक्षात येतं. तिने काढल्यावर नवीन अकाउंट काढून डोकावणं तर पूर्ण टाळा. मुलीच्या इंटरनेटवरच्या वावरावर पाळत ठेवणं आणि तिने नको म्हटल्यावरही संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.