काउन्सेलरकडे गेल्याची नोंद नेमकी कुठे राहते?

"मॅडम, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्र-रात्र झोप नाही, वॉर्डात जावंसं वाटत नाही. कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेले तर डीन सरांना आणि घरी कळेल का? रेकॉर्डवर येऊन सीट जाईल का?"

सीट जात नाही. मार्कशीट, बोनाफाइड, अटेम्प्ट सर्टिफिकेट, टीसी यांपैकी कशावरही समुपदेशनाचा रकाना नसतो. माझ्याकडची फाइल विद्यार्थी विभागात जात नाही. ती माझ्या कपाटात असते, वर नाव नाही, नुसता क्रमांक. डीन ऑफिसला महिन्याला किती मुलं आली एवढा आकडा जातो.

तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन एक मुलगा आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). वॉर्डनने पाठवलेला. बसायच्या आधीच म्हणाला, "सरांना काय सांगणार?" मी सांगितलं, "आलास एवढंच. तेही तू हो म्हणालास तर." नंतर त्याच्या वडिलांचा फोन आला. "फी मी भरतो, मला कळायला नको?" मुलगा अठरा पूर्ण झालेला. तो माझ्याकडे येतो की नाही, हेसुद्धा त्याच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाही, असं मी त्यांना नम्रपणे सांगितलं. ते चिडले. चिडणारच.

त्याला औषधांची गरज दिसत होती. पण आपल्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढायला तो तयार नव्हता. तिथे इंटर्न म्हणजे त्याचेच सीनियर, आणि तपासणारे सर पुढे त्यालाच शिकवणार. ही भीती मला अजिबात बालिश वाटत नाही. मेडिकल कॉलेजात बातमी फुटते ती बहुधा काउन्सेलरच्या खोलीतून नव्हे, ओपीडीच्या रांगेतून. म्हणून तो शहरातल्या बाहेरच्या डॉक्टरांकडे गेला.

खरी अडचण पुढे आली. पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलची हजेरी साठीत आली होती. नियम थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. टर्म ग्रँट झाली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, आणि मुलांना वाटतं की काउन्सेलरकडे गेल्यामुळे वर्ष गेलं. वर्ष हजेरीने जातं. दडवत बसलं की हजेरी आणखी घसरते.

त्याने डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं होतं, त्यावर निदान पूर्ण नावानिशी लिहिलेलं. तो कागद क्लार्कच्या टेबलावर गेला की गुप्तता संपली, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने संपवली असती. मी त्याला परत पाठवलं. दुसऱ्या कागदावर एवढंच होतं: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होता, विश्रांतीची गरज होती, आता रुजू होण्यास हरकत नाही. ऑफिसला तेवढं पुरलं. सर्टिफिकेटने टक्के मात्र वाढत नाहीत. ते दाखवून त्याने विभागप्रमुखांकडून बुडलेली प्रॅक्टिकल्स पुन्हा करायची परवानगी मिळवली आणि संध्याकाळी थांबून ती पूर्ण केली. टर्म ग्रँट झाली.

आता मर्यादा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे उपचार करणाऱ्यांवर गुप्ततेचं बंधन आहे. पण जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. कोर्टाचा आदेश आला तरही द्यावी लागते. 'जगावंसं वाटत नाही' एवढं म्हटल्यावर मी लगेच फोन उचलत नाही. त्यावर बोलणं हेच माझं काम. एका दुपारी मात्र त्याने दिवस ठरवल्याचं सांगितलं. मी म्हटलं, "हे मी एकटी ठेवू शकत नाही. कुणाला सांगू, ते तू ठरव." त्याने ताईचं नाव घेतलं. फोन टेबलावर ठेवून, स्पीकरवर, त्याच्यासमोरच लावला. ताई रात्रीच्या गाडीने निघाली. वॉर्डनला एवढंच कळवलं की ती येईपर्यंत याला खोलीत एकटं ठेवू नका. कारण त्यांनी विचारलं, मी दिलं नाही.

तू पहिल्या भेटीत संमतीपत्र नीट वाच आणि थेट विचार: फाइल कुठे राहते, कोण उघडू शकतं, वॉर्डनला काय जातं? काउन्सेलर म्हणून नेमलेली व्यक्ती शिक्षकही असेल, तुझे इंटर्नल्सचे मार्क तिच्या हातात असतील, तर दुसरी व्यक्ती माग. मेंटॉर सर कितीही चांगले असले तरी ते काउन्सेलर नव्हेत. त्यांना सांगितलेलं स्टाफरूममध्ये जाऊ शकतं. अपॉइंटमेंट कॉलेजच्या ईमेलवरून घेण्यापेक्षा प्रत्यक्ष येऊन घे. आणि आजची रात्रच जड वाटत असेल तर माझी वेळ मिळायची वाट पाहू नकोस, १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन कर. तो मोफत आहे, रात्रीही उचलतात, आणि कॉलेजशी त्याचा संबंध नाही.