'खर्चाच्या 4 टक्के': पण कोणत्या खर्चाच्या?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या जुन्या इमारतीची मोठी दुरुस्ती काढायची आहे. सल्लागार इंजिनिअरने एका पानाचं पत्र दिलंय: 'ऑडिट, अंदाजपत्रक, टेंडर आणि देखरेख; फी खर्चाच्या 4 टक्के, निम्मी आगाऊ.' कमिटीने सही करावी का? – सचिव, ठाणे

उत्तर: या पत्रावर नको. आधी 'खर्चाच्या 4 टक्के' काढायला लावा. खर्च अंदाजपत्रकातला, मंजूर टेंडरचा की शेवटच्या बिलाचा, हे पत्रात कुठेच नाही. टेंडर 40 लाखांचं निघालं आणि प्लास्टर फोडल्यावर काम 60 लाखांवर गेलं, तर फी 1 लाख 60 हजारांची 2 लाख 40 हजार होईल. वाढीव कामाला मान्यता देणारा तोच सल्लागार असेल. म्हणून ठोक रक्कम ठरवा, जीएसटी धरून की वेगळा तेही लिहा.

आता कामाची व्याप्ती. 'ऑडिट' म्हणजे काही जण नुसती फेरी मारून फोटो काढतात. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक आणि कोअर चाचण्या किती, कुठल्या कॉलमवर आणि लॅबचे पैसे कोणाचे, हे मांडा. 'टेंडर' म्हणजे प्रत्येक बाबीचं परिमाण दाखवणारी बीओक्यू, सहीची प्रत आणि एक्सेल फाइल. 'देखरेखी'त आठवड्याला किती भेटी आणि कंत्राटदाराच्या बिलापूर्वी मोजमाप कोण घेणार, हे हवंच. वाद बहुतेक इथेच होतात.

निम्मी आगाऊ देऊ नका. समजा फी 2 लाख ठरली. ऑडिट अहवाल स्वीकारल्यावर 40 हजार, बीओक्यू स्वीकारल्यावर 40 हजार, देखरेखीचे 1 लाख कंत्राटदाराच्या चार टप्प्यांच्या बिलांबरोबर 25-25 हजार, आणि उरलेले 20 हजार एक पावसाळा गळतीविना गेल्यावर. इथे 'सादर केल्यावर' नको, 'लेखी स्वीकारल्यावर' हवं. पण कमिटीने 15 दिवसांत त्रुटी कळवल्या नाहीत तर स्वीकारलं असं धरायचं, हेही घाला. नाहीतर कोणताही शहाणा सल्लागार सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

मुदतीबद्दल भारतीय करार कायद्याचं कलम 55 पाहा. वेळ हा कराराचा गाभा असेल तर मुदत चुकल्यावर तुम्ही करार रद्द करू शकता, नसेल तर फक्त भरपाई मागता येते. त्यामुळे तसं वाक्य घाला आणि दिवस मोजायची सुरुवातही ठरवा, उदाहरणार्थ सर्व फ्लॅटमध्ये प्रवेश मिळाल्यापासून. याच कलमात एक मेख आहे. गाभ्याची मुदत चुकल्यावरही अहवाल 'मिळाला, धन्यवाद' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलात, तर नंतर उशिराची भरपाई मागता येत नाही. घेतानाच 'भरपाईचा हक्क राखून' असं लेखी कळवा.

हे सगळं करारनाम्याला परिशिष्ट म्हणून जोडा आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावात त्या परिशिष्टाचा उल्लेख करा.