साइटवर कधी जायचं?

सप्रेम नमस्कार,

आर्किटेक्ट म्हणून साइटवर आठवड्यातून किती वेळा जावं, असं विचारलं आहेस. वार ठरवून जाऊ नकोस. बांधकामात पुढचं काम मागचं काम झाकून टाकतं. खड्डा पीसीसीखाली जातो, सळई काँक्रीटमध्ये, पाइप गिलाव्याखाली आणि वॉटरप्रूफिंग फरशीखाली. तुझी फेरी झाकणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हवी. ठेकेदाराला सुरुवातीलाच लेखी कळव की या टप्प्यांवर तू पाहिल्याशिवाय पुढचं काम होणार नाही, आणि दोन दिवस आधी निरोप हवा.

पहिली फेरी खोदाईच्याही आधी, लाइनआउटला. दोरे लागले की कर्ण स्वतः टेप धरून मोज. सेंटरलाइनचा आयत १२ × ९ मीटरचा असेल तर दोन्ही कर्ण १५ मीटर यायला हवेत. एक १५.०२ आणि दुसरा १४.९८ आला, तर ९ मीटरच्या बाजूवर सुमारे २५ मिमी तिरकस आहे. आज दोरा सरकवला की काम झालं. नाहीतर हा तिरकसपणा थेट फरशीच्या वेळी भिंतीकडेच्या निमुळत्या तुकड्यांत दिसेल.

दुसरी फेरी खड्डा तयार झाल्यावर, पीसीसीच्या आधी. तळ सगळीकडे सारखा कडक आहे का, कुठे भरावाची माती किंवा मऊ जागा लागली का, ते पाहा. रात्री पाऊस झाला असेल तर पाणी उपसून चिखलाचा थर खरवडायला लाव. चुकून जास्त खोदलं गेलं तर ती खोली मातीने भरू देऊ नकोस, तिथे पीसीसीच वाढवायची. जमिनीबद्दल शंका असली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला खड्ड्यातच बोलाव. फुटिंग, कॉलम, प्लिंथ बीम यांची सळई तोच तपासतो; तुझी नजर कॉलमच्या जागांवर आणि प्लिंथच्या लेव्हलवर हवी.

सगळ्यात जास्त वेळ दे तो स्लॅबला. भरण्याच्या दिवशी सकाळी जाऊन उपयोग नाही. मिक्सर उभा असतो, माणसं आलेली असतात, आणि चूक सापडली तरी ‘होऊन जाऊ दे’ हेच ऐकू येतं. आदल्या दिवशी दुपारी, इलेक्ट्रिकचे पाइप टाकून झाल्यावर जा.

समज, १.२ मीटर बाहेर आलेली बाल्कनी आहे आणि स्लॅबची जाडी १२५ मिमी. अशा कॅन्टिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. वरचं कव्हर २० मिमी आणि सळई १० मिमीची धरली, तर तळापासून सळईच्या मध्यापर्यंत १०० मिमी उंची मिळते. आता इलेक्ट्रिशियन आणि मजूर त्या जाळीवरून चालले, सळई वर धरणाऱ्या चेअर वाकल्या आणि सळई ४० मिमी खाली बसली. उंची उरली ६० मिमी. सळई तेवढीच, पण ताकद जवळपास ४० टक्क्यांनी घटली. सेंट्रिंग काढल्यावर भिंतीलगत वरच्या बाजूने आडवी चीर दिसते ती अशीच. हे ओळखायला गणित लागत नाही. जाळीवर पायाने दाब दे. ती खाली जात असेल तर चेअर वाढवायला सांग, आणि चालायला फळ्या टाकायला लाव. तीच सळई आतल्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगइतकी लांब गेली आहे ना, तेही मोज. काही फिटर ती बीममध्येच संपवतात.

त्याच फेरीत बाथरूमचा संकन भाग, डक्टची भोकं, पंख्याचे बॉक्स आणि बाल्कनीच्या कडेखालची पाणी तोडणारी खाच ड्रॉइंग हातात घेऊन मोज. राहिलेलं भोक नंतर फोडावं लागतं, आणि फोडणारा सळई बघत नाही.

भिंतींची फेरी पहिल्याच थराला. एका थराची भिंत म्हणजे जमिनीवर एकास एक मापाने काढलेला प्लॅन. दाराची झडप कुठे उघडेल आणि स्विचबोर्ड तिच्यामागे दडेल का, हे तिथे उभं राहून कळतं. चुकलं तर दहा-बारा विटा हलतात, एवढंच.

गिलाव्याआधी पाइपांना दाब देऊन ठेव आणि गेजचा काटा खाली येतो का पाहा. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे जाळी ठोकलेली हवी, नाहीतर त्या रेषेत चीर ठरलेलीच.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाण्याची तोंडं बंद करून ४८ तास पाणी भरून ठेव. भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलने खूण कर आणि तारीख लिही. बाष्पीभवनाने काही मिलिमीटर पातळी उतरते. त्याहून जास्त उतरली किंवा खालच्या छताला ओल आली, तर फरशीवाल्याला आत सोडू नकोस.

फरशी सुरू करताना दारातली लेव्हल आणि उतार पाणी जाण्याच्या जाळीकडे आहे ना, एवढं बघ. रंगाला दिवसाच्या उजेडात जा, आणि भिंतीवर टॉर्च आडवी धर.

तुझा,
एक सहव्यावसायिक