रामिप्रिल बंद केल्यावर ३६ तास का थांबायचं?

«बाबांचं वय ६६, हृदयाचं पंपिंग ३० टक्के. सहा वर्षं रोज रात्री नऊला रामिप्रिल ५ घेतात. आज सोमवारी डॉक्टरांनी ती बंद करून सॅक्युबिट्रिल-वॉल्सार्टन ५०, सकाळ-संध्याकाळ लिहून दिली आणि मध्ये ३६ तास जाऊ द्या म्हणाले. हृदय इतकं कमजोर असताना दीड दिवस औषधाविना ठेवणं धोक्याचं नाही का? आज रात्रीच नवी गोळी दिली तर काय होईल?»

आज रात्री नवी गोळी देऊ नका, आणि रामिप्रिलही देऊ नका. बाबांनी शेवटची रामिप्रिल काल, रविवारी रात्री नऊला घेतली असेल, तर ३६ तास मंगळवारी सकाळी नऊला पूर्ण होतात. पहिली नवी गोळी तेव्हा द्या. तास मोजायचे ते डॉक्टरांकडे गेलात तेव्हापासून नव्हे, शेवटची गोळी पोटात गेली तेव्हापासून. असं मोजलं की तुमची काळजी बरीच कमी होईल, कारण प्रत्यक्षात बुडते ती फक्त आज रात्रीची एक गोळी. तिची नेहमीची वेळ टळल्यावर बारा तासांनी नवं औषध सुरू होतं.

आणि हे बारा तास हृदय उघडं पडत नाही. रामिप्रिलचा असर हळूहळू ओसरतो. बीटा ब्लॉकर, पाणी काढायची गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, डापाग्लिफ्लोझिन यांपैकी जी काही चालू असतील ती ठरल्या वेळी चालूच ठेवायची. थांबवायचीय ती फक्त रामिप्रिल. घाबरून बाकीची औषधंही दीड दिवस बंद ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यानं मात्र खरंच नुकसान होतं.

आता थांबायचं का, ते सांगते. मी हृदयरोग विभागात औषधतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करते आणि हा प्रश्न मला जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी विचारतं.

आपल्या शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा एक छोटासा रेणू सतत तयार होत असतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि त्यांच्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपू देतो. तो फार वेळ टिकू नये म्हणून त्याला तोडणारी विकरं असतात. त्यांतलं मुख्य म्हणजे एसीई. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल ही सगळी ‘प्रिल’ मंडळी याच एसीईला अडवतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-२ कमी तयार होतं, हा फायदा. पण ब्रॅडिकायनिनही थोडं साचतं. ही औषधं घेणाऱ्या काहींना जो कोरडा, चिवट खोकला लागतो, त्यामागे मोठा हात याच साचण्याचा असतो. बहुतेकांच्या शरीराला तेवढं साचणं झेपतं, कारण ब्रॅडिकायनिन तोडायला दुसरी विकरंही असतात.

त्या दुसऱ्यांपैकी एक म्हणजे नेप्रिलायसिन, आणि सॅक्युबिट्रिल नेमकं त्यालाच अडवतं. ते अडवायचं कारण चांगलं आहे: ताण आलेलं हृदय स्वतःच काही पेप्टाइडं सोडतं, जी शरीरातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे बाहेर काढतात आणि रक्तवाहिन्या सैल करतात. नेप्रिलायसिन ती पेप्टाइडं तोडतं. त्याला अडवलं की ती जास्त वेळ काम करतात. पण हेच विकर ब्रॅडिकायनिनही तोडत असतं. रामिप्रिलचा अंमल उतरण्याआधी नवी गोळी घेतली, तर ब्रॅडिकायनिनच्या दोन मोठ्या वाटा एकाच वेळी बंद होतात. ते साचतं, वाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजतो. याला अँजिओएडिमा म्हणतात. सूज स्वरयंत्राशी आली तर श्वासाची वाटच बंद होऊ शकते.

मग नव्या गोळीत वॉल्सार्टन कशाला, असं वाटेल. नेप्रिलायसिन अँजिओटेन्सिन-२ सुद्धा तोडतं, त्यामुळे नुसतं सॅक्युबिट्रिल दिलं तर तेही वाढेल आणि मिळालेला फायदा खाऊन टाकेल. म्हणून सोबत अँजिओटेन्सिनला आवरणारं काहीतरी लागतंच. ‘प्रिल’ जोडता येत नाही, कारण ब्रॅडिकायनिन. वॉल्सार्टन एसीईला हातच लावत नाही. अँजिओटेन्सिन-२ ज्या जागी जाऊन बसतं, ती जागाच अडवून ठेवतं. ब्रॅडिकायनिनची ती वाट मोकळी राहते. म्हणूनच बाबा आधी टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन घेत असते, तर ३६ तासांची गरजच नव्हती. ती गोळी बंद करून पुढच्या डोसच्या वेळी सरळ नवी सुरू करता येते.

एसीई आणि नेप्रिलायसिन दोन्ही एकदम अडवली तर काय होतं, हे माणसांवर आधीच कळून चुकलंय. ओमापॅट्रिलॅट नावाच्या एकाच औषधात ही दोन्ही कामं होती. रक्तदाबाच्या सुमारे २५,००० रुग्णांवर त्याची एनालाप्रिलशी तुलना झाली. रक्तदाब छान उतरला, पण अँजिओएडिमा एनालाप्रिलवर ०.६८ टक्के लोकांना, तर ओमापॅट्रिलॅटवर २.१७ टक्के लोकांना झाला, म्हणजे तिपटीहून जास्त. ते औषध बाजारात आलंच नाही. सॅक्युबिट्रिलला वॉल्सार्टनची जोड देण्यामागे हा अनुभव आहे. २०१४ मध्ये पॅराडाइम-एचएफ ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यातही एका औषधावरून दुसऱ्यावर नेताना मध्ये एक दिवस औषध रोखून धरलं होतं. हृदयविकारानं मृत्यू किंवा हृदय निकामी झाल्यानं भरती, यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण एनालाप्रिलवर २६.५ टक्के होतं, नव्या गोळीवर २१.८. तुमच्या डॉक्टरांनी औषध बदललंय ते या फरकासाठी, आणि बदल योग्य आहे असं मला वाटतं.

३६ हाच आकडा का? रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल यांचा अंमल साधारण बारा तासांनी, कुणाचा थोड्या जास्त वेळानं, निम्म्यावर येतो. बारा तासांनी अर्धा, चोवीस तासांनी पाव, छत्तीस तासांनी आठवा भाग. तोवर एसीई पुन्हा बऱ्यापैकी कामाला लागलेलं असतं आणि ब्रॅडिकायनिनला वाट मिळते. त्याआधी घाई नको. उलट ‘जास्त थांबलं तर जास्त सुरक्षित’ म्हणून चार-पाच दिवसही घालवू नका. त्या काळात हृदय खरोखरच आधाराविना राहतं.

चूक कशी होते, तर बहुतेक वेळा घरातल्या डबीमुळे. एका आजोबांच्या मुलीनं आठवड्याच्या गोळ्या रविवारीच खणाखणांच्या डबीत भरून ठेवल्या होत्या. बुधवारी औषध बदललं. नवं पाकीट आलं, जुनं पाकीट तिनं फेकलंही, पण डबीतल्या गुरुवार-शुक्रवारच्या खणांत एनालाप्रिल होतीच. शुक्रवारी संध्याकाळी खालचा ओठ उजव्या बाजूनं सुजला. खाज नाही, अंगावर पित्त नाही, म्हणून घरच्यांना वाटलं दात दुखावला असेल. तासाभरात जीभ जड झाली, बोलणं बोबडं झालं, आवाज घोगरा झाला. तेव्हा आणलं. रात्रभर अतिदक्षता विभागात श्वासावर नजर ठेवावी लागली. नळी टाकावी लागली नाही, सकाळपर्यंत सूज उतरली. पण त्या आजोबांना सॅक्युबिट्रिल पुन्हा देता आलं नाही, आणि कुठली ‘प्रिल’ही नाही. एकदा असा अँजिओएडिमा झाला की दोन्ही दारं बंद होतात. म्हणून आज घरी गेल्यावर आधी डबी रिकामी करा, मग पाकिटांकडे वळा.

दुसरी लपलेली जागा म्हणजे जोडगोळ्या. रामिप्रिल कधी हायड्रोक्लोरोथायझाइडसोबत, कधी मेटोप्रोलॉलसोबत, पेरिंडोप्रिल अ‍ॅम्लोडिपिनसोबत एकाच गोळीत असते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत कंपनीनं दिलेलं नाव असतं, घटक खाली बारीक छापलेले असतात. तिथे ‘प्रिल’वर संपणारं काही दिसलं, तर ती गोळी बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. नुसती बंद करून टाकू नका, कारण तिच्यातला बीटा ब्लॉकर बाबांना हवा असेल. तसंच टेल्मिसार्टनसारखं कुठलंही ‘सार्टन’ वेगळं चालू असेल तर तेही विचारा. नव्या गोळीत वॉल्सार्टन आहेच, दुहेरी नको.

चुकून दोन्ही पोटात गेल्या, तर पुढचा डोस देऊ नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. ओठ-जीभ-पापण्या सुजणं, घास अडकणं, आवाज बदलणं यांपैकी काहीही दिसलं तर घरी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसू नका. ही सूज हिस्टामिनमुळे नसते, त्यामुळे त्या गोळीचा तिच्यावर भरवसा नाही. थेट आपत्कालीन विभागात जा, दोन्ही पाकिटं सोबत घ्या आणि ‘ही आणि ही एकत्र गेली’ एवढं पहिल्या वाक्यात सांगा. आणि बाबांना पूर्वी कधी, कुठल्याही ‘प्रिल’वर, असा चेहरा सुजला असेल आणि ते डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल, तर मंगळवारची गोळीही थांबवा आणि आधी बोला. अशा माणसाला हे औषध चालतच नाही, ३६ तास थांबूनसुद्धा नाही.

५० च्या डोसबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तो बरोबर आहे. रामिप्रिल ५ हा मोठा डोस नव्हे, अशांना लहानापासूनच सुरुवात करतात. झेपलं तर दोन ते चार आठवड्यांनी दुप्पट करतात. पहिल्या काही दिवसांत उठताना चक्कर येते का बघा, वरचा रक्तदाब १००च्या खाली जाऊ लागला तर कळवा, आणि एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. पुढे रक्ततपासणीत हृदयावरचा ताण दाखवणारा बीएनपी वाढलेला दिसला तर लगेच घाबरू नका. नेप्रिलायसिन बीएनपीही तोडतं, त्यामुळे या औषधावर तो थोडा वाढू शकतो. एनटी-प्रोबीएनपी नेप्रिलायसिन तोडत नाही, म्हणून यापुढे तोच मागा.

एक गोष्ट आत्ताच फाईलवर लिहून ठेवा, कारण सहा महिन्यांनी ती कुणाच्या लक्षात राहत नाही. काही कारणानं नवं औषध बंद करून पुन्हा रामिप्रिलवर यायची वेळ आली, तर उलट्या दिशेनंही ३६ तासच थांबायचं. सॅक्युबिट्रिलचा अंमलही साधारण बारा तासांनीच निम्म्यावर येतो. रक्तदाब पडला म्हणून एका डॉक्टरांनी नवी गोळी थांबवली आणि दुसऱ्यांनी त्याच संध्याकाळी जुनी चालू केली, असं सहज होऊ शकतं. शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे त्या वेळी त्यांना तुम्हीच सांगायचं.