शेजाऱ्यांची भिंत आपल्या हद्दीत आली, तर पहिला निरोप कसा लिहावा?

प्रश्न: आमचा एन.ए. प्लॉट ३० बाय ५० फुटांचा. शेजारच्या काकांची नवी कंपाउंड भिंत मागच्या कोपऱ्यात सहा इंच आमच्याकडे आली आहे. संबंध चांगले आहेत. व्हॉट्सॲपवर काय लिहू?

आधी मंजूर ले-आउटचा नकाशा काढा आणि कोपऱ्यातले हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते पाहा. भिंत पुढे बरोबर आणि मागे सहा इंच सरकलेली असेल, तर ५० फूट लांबीत साधारण साडेबारा चौरस फूट जागा जाते. हा आकडा निरोपात घालू नका, तो वाचला की समोरच्याला भरपाईची मागणी दिसते. ‘अतिक्रमण’ हा शब्दही नको, आणि कॉलनीच्या ग्रुपवर तर काहीच टाकू नका. मी असं लिहीन:

“काका, नमस्कार. मागच्या कोपऱ्यात झाडं लावायला मोजत होतो, तेव्हा भिंत थोडी आमच्या बाजूला आल्यासारखी वाटली. माझी मोजायला चूकही झाली असेल. रविवारी सकाळी नकाशा घेऊन दोघं मिळून टेप लावूया का? प्लास्टर व्हायच्या आत पाहिलं तर खर्च वाचेल.”

शेवटचं वाक्य गाळू नका. प्लास्टर, रंग झाल्यावर भिंत हलवायला कुणी सहसा तयार होत नाही. आणि संकोचापोटी “असू दे, हरकत नाही” असंही लिहू नका. पुढे तीच तुमची संमती म्हणून दाखवली जाते.

प्रश्न: काका म्हणतात, गवंड्यानं नीट मोजलंय. आता?

दोघांच्या टेपवर वाद घालण्यापेक्षा तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करा. मोजणीची नोटीस लगतच्या धारकांनाही जाते, म्हणून ती काकांच्या हातात पडण्याआधी स्वतः जाऊन सांगा: “सरकारी मोजणी करून घेऊ, जे निघेल ते दोघांना मान्य.” शक्य असेल तर फी निम्मी-निम्मी भरा. मोजणीनंतर ‘क’ प्रत मिळते, तिच्यावर हद्द आणि भिंत दोन्ही दिसतात.

प्रश्न: चूक त्यांना मान्य आहे, पण भिंत पाडायची नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊ का?

जागा त्यांच्या नावावर करायला तो कागद पुरत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो, आणि एवढासा तुकडा वेगळा करताना मंजूर ले-आउट आड येऊ शकतो. भिंत तात्पुरती राहू द्यायची असेल, तर कागदावर तीन गोष्टी हव्यात: हद्द ‘क’ प्रतीप्रमाणेच आहे, भिंत तुमच्या परवानगीनं उभी आहे, आणि पुन्हा बांधताना ती हद्दीवर घेतली जाईल. दोघांच्या सह्या करा, नकाशा जोडा. परवानगीचा उल्लेख आवश्यक आहे, कारण मालकाविरुद्ध उघडपणे, सलग १२ वर्षं ताबा ठेवणारा त्या जागेवर हक्क सांगू शकतो. परवानगीनं ठेवलेल्या ताब्याला तो आधार मिळत नाही. मात्र काकांनी घर विकलं तर नवा मालक या कागदानं आपोआप बांधला जात नाही. विक्रीची कुणकुण लागताच त्याची प्रत खरेदीदाराला द्या.